रंग सुटतो, रंग लागतो : नव्या कपड्याची घरच्या घरी चाचणी



कपड्याच्या रंगाबद्दल बोलताना आपण मराठीत किती वेगवेगळी क्रियापदं वापरतो, हे एकदा वर्गात मुलांना विचारून पाहा. चौथीच्या मुलांनी मला एका तासात फळाभर यादी दिली होती. रंग जातो, रंग सुटतो, रंग लागतो, रंग उतरतो, रंग उडतो, रंग विटतो. वरवर पाहता सगळ्यांचा अर्थ एकच वाटतो. पण आजी जेव्हा म्हणते, "उन्हात ठेवू नको, रंग उडेल," आणि आई म्हणते, "वेगळं भिजव, रंग लागेल," तेव्हा दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. उडणं आणि विटणं हे त्या कपड्याचं स्वतःचं नुकसान. सुटणं म्हणजे रंग धाग्यातून पाण्यात येणं. आणि लागणं म्हणजे तो रंग दुसऱ्या कपड्यावर जाऊन बसणं.

नवा कपडा घरी आणल्यावर पहिल्या धुण्याआधी आपल्याला जी चाचणी करायची, ती यातल्या शेवटच्या दोन शब्दांची आहे. आणि त्या दोघांतही खरा शब्द "लागणं" हाच. पाण्यात थोडा रंग सुटला म्हणून कपडा वाईट ठरत नाही. उलट पाणी स्वच्छ दिसतं, पण ओला कपडा चेपून ठेवला की शेजारच्या पांढऱ्यावर डाग पडलेला असतो. म्हणून पाण्याकडे नाही, पांढऱ्या फडक्याकडे बघायचं. या लेखात मला एवढंच नीट सांगायचं आहे.

हा विषय शाळेच्या ब्लॉगवर का?

स्नेहसंमेलनासाठी आम्ही लेझीमचं पथक बसवलं होतं. चोवीस मुलं-मुली. वेश साधाच ठरवला : शाळेचा पांढरा शर्ट, गांधी टोपी आणि कमरेला लाल शेला. वेगळा ड्रेस भाड्याने आणायचा खर्च पालकांवर टाकायचा नव्हता. पालकसभेत एका आईने हळूच विचारलं, "मॅडम, शेल्याचा रंग शर्टाला नाही ना लागणार? शाळेचा शर्ट एकच आहे."

प्रश्न अगदी रास्त होता. लाल सुती कापड, पांढरा सुती शर्ट, वर घाम आणि कमरेला घट्ट आवळलेली गाठ. रंग लागायला आणखी काय हवं? आणि पांढऱ्या शर्टावर गुलाबी पट्टा उमटला तर तो शर्ट घालून ते मूल जूनपर्यंत शाळेत येणार. म्हणून कापड फाडण्याआधी मी ते तपासायचं ठरवलं. पुढे जे लिहिते आहे ते त्या तपासणीतलं आहे.

रंग सुटतो तरी का?

हे थोडक्यात समजून घेतलं की चाचणीचा अर्थ कळतो.

सुती कापड रंगवताना रंग धाग्याला दोन मुख्य प्रकारांनी धरतो. एक रंग असा असतो की तो कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध तयार करतो. याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग म्हणतात. बंध एकदा जुळला की रंग पक्का. पण रंगाच्या हौदातला सगळा रंग काही जुळत नाही. थोडा नुसताच पाण्याशी संयोग पावतो आणि धाग्यावर तसाच बसून राहतो. कारखान्यात हा जास्तीचा रंग गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन काढावा लागतो. ते धुणं घाईत उरकलं असेल तर तो जास्तीचा रंग आपल्या बादलीत येतो. दोन-तीन धुण्यांत तो संपतो आणि मग कपडा शांत होतो.

दुसरा प्रकार डायरेक्ट रंगांचा. हे रंग धाग्याला धरून राहतात, पण पक्क्या बंधाने नाही. त्यावर वेगळी पक्केपणाची प्रक्रिया केली नसेल तर ते प्रत्येक धुण्यात थोडे थोडे सुटत राहतात. आज, उद्या, परवा, दर वेळी.

म्हणजे बादलीतलं लाल पाणी दोन्ही प्रकारांत सारखंच दिसतं, पण पुढची गोष्ट वेगळी असते. एकाचा रंग संपणारा आहे, दुसऱ्याचा न संपणारा. कोणता कोणता हे एका चाचणीने कळत नाही. तीच चाचणी पुन्हा पुन्हा केली की कळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गडद रंगांत, म्हणजे लाल, मरून, काळा, गडद निळा यांत, मुळात रंगच जास्त घातलेला असतो. म्हणून सुटायलाही जास्त असतो. फिक्या पिवळ्यापेक्षा गडद लालाची भीती आपल्याला उगीच वाटत नाही.

तयारी : पांढरं फडकं कोणतं घ्यायचं?

चाचणीत सगळं या फडक्यावर अवलंबून आहे, आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं.

फडकं शंभर टक्के सुती हवं. जुनं धोतर, पंचा किंवा पांढरा सुती बनियन यांचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा उत्तम. नवं मांजरपाट घेतलं तर त्यातली खळ आधी धुऊन काढावी, नाहीतर फडकं पाणी नीट शोषत नाही. टेरिकॉटचा तुकडा घेऊ नये. सुती कापडावरचा रंग पॉलिस्टरला फारसा धरत नाही. मग फडकं पांढरं राहतं, आपण खूश होतो, आणि धुण्यात सुती शर्ट गुलाबी होतो. रेशमी कपड्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा रंग रेशमाला, लोकरीला आणि नायलॉनला जास्त धरतो. म्हणून सोपा नियम असा : नवा कपडा ज्या कपड्यांबरोबर धुतला जाणार आहे, त्याच जातीचं पांढरं फडकं घ्या.

फडक्याचे तळहाताएवढे पाच-सहा तुकडे करा. एक तुकडा बाजूला ठेवा. तो नुसत्या पाण्यात भिजवून वाळवायचा, त्याला रंगाच्या जवळही न्यायचं नाही. शेवटी बाकीचे तुकडे या तुकड्याशेजारी ठेवून तुलना करायची. हा जोडीचा तुकडा नसेल तर "थोडं पिवळट दिसतंय, पण आधीपासून होतं की काय" असा वाद घरात सुरू होतो. तुकड्यांवर नावं घालायला पेन्सिल वापरा. पेनाची शाई ओल्यात पसरते आणि मग कोणता रंग कुणाचा तेच कळत नाही.

पहिली चाचणी : घासून

फडकं तर्जनीवर ताणून गुंडाळायचं आणि कपड्याच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, साधारण दहा सेंटिमीटर अंतरात दहा वेळा पुढे-मागे घासायचं. घाई नाही, एका सेकंदाला एक फेरी. कापड प्रयोगशाळांतही याच पद्धतीने घासतात. तिथे यंत्राच्या टोकाला पाच सेंटिमीटरचं चौकोनी पांढरं सुती कापड लावतात आणि दाब सुमारे नऊशे ग्रॅम वजनाएवढा असतो. हा दाब बोटाला कळावा म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून पाहा. काटा नऊशे दाखवेल तेवढाच जोर. आपण सहसा त्यापेक्षा कमी दाबतो.

आधी कोरड्या फडक्याने, मग दुसऱ्या जागी ओल्या फडक्याने. ओलं म्हणजे भिजवून पिळलेलं, थेंब न गळणारं. ओल्या फडक्यावर रंग जवळजवळ नेहमीच जास्त येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोरड्या फडक्यावरच रंग आला तर मात्र लक्ष द्या. याचा अर्थ रंग धाग्याच्या वरवर बसलेला आहे. निळीच्या जीन्सचं असंच असतं. धुताना फारसं काही होत नाही, पण नवी जीन्स घालून पांढऱ्या खुर्चीवर बसलं की खुर्ची निळी होते. छापील कपड्यांतही, जिथे रंग चिकटवून छापलेला असतो, घासण्याची चाचणी धुण्याच्या चाचणीपेक्षा जास्त सांगून जाते.

या चाचणीचा आणखी एक फायदा : ही दुकानातच करता येते. खिशातला पांढरा सुती रुमाल आणि थोडं पिण्याचं पाणी पुरतं. दुकानदाराला आधी विचारून ताक्याच्या टोकाला घासा.

दुसरी चाचणी : धुऊन

एक लिटर पाण्यात लहान चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम, धुण्याची पावडर विरघळवा. पावडर घरात रोज वापरता तीच आणि पाणीही रोज वापरता तेवढंच गरम घ्या. तुम्ही थंड पाण्यात धूत असाल तर थंड, मशीनला चाळीस अंश लावत असाल तर हाताला चांगलं कोमट. गरम पाण्यात रंग जास्त सुटतो, त्यामुळे थंड पाण्यात केलेल्या चाचणीवर विसंबून पुढे गरम पाण्यात कपडा टाकणं चुकीचं.

जास्तीचं कापड असेल तर त्याची पट्टी कापून घ्या. तयार कपडा असेल तर आतल्या शिवणीला दुमडलेली जादा पट्टी शोधा. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं फडकं लावून दोन टाके घाला, किंवा न गंजणारी पिन लावा. मग तेवढाच भाग वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकी कपडा वाटीबाहेर कोरडा. अर्धा तास ठेवा आणि अधूनमधून बोटांनी दाबत राहा. सुटी पट्टी असेल तर झाकणाच्या बरणीत घालून हलवलेलं अधिक चांगलं, कारण खरं धुणं हे नुसतं भिजणं नसतं.

अर्ध्या तासाने खळबळून घ्या, पिळा, आणि फडकं सोडवून सावलीत वेगळं वाळवा. कपड्याला चिकटलेल्या अवस्थेत वाळू दिलं तर वाळतावाळता आणखी रंग लागतो आणि धुण्याचा निकाल बिघडतो.

आता वाटीतल्या पाण्याकडे एक नजर टाका आणि ते विसरा. निकाल फडक्यावर आहे. तोही फडकं पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, जोडीच्या पांढऱ्या तुकड्याशेजारी ठेवून बघायचा. रात्री पिवळ्या दिव्याखाली फिकट डाग दिसतच नाहीत.

तिसरी चाचणी : दाबून

तिन्हींत सगळ्यात कमी केली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी चाचणी ही.

धुण्यात रंग लागतो तो पाण्यात पोहत असताना कमी आणि धुऊन झाल्यावर जास्त. पाणी भरपूर असतं तेव्हा सुटलेला रंग पसरून पातळ होतो. पण पिळे करून बादलीत टाकले, तेवढ्यात फोन आला, वीज गेली, मशीन बंद होऊन दोन तास कपडे आत तसेच राहिले, तर ओले कपडे एकमेकांना चिकटून बसतात आणि रंगाला दुसरीकडे जायला जागाच नसते. तो सरळ शेजारच्या कपड्यात शिरतो. घामाने भिजलेल्या आवळ कपड्यांचं तेच. पाणी थोडं, दाब जास्त, वेळ जास्त.

म्हणून पट्टी पांढऱ्या फडक्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायची, तिन्ही भिजवून हलकं पिळायचं आणि वाळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं. पिशवी दोन पाटांमध्ये ठेवून वर पाच किलो वजन. पाच लिटरचा भरलेला कॅन चालतो. चार तास तसंच राहू द्यायचं. प्रयोगशाळेत हे अंगाच्या तापमानाला, सदतीस अंशांना, करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ते आपोआप होतं, थंडीत पिशवी उबेच्या जागी ठेवावी.

कपडा अंगावर घामेजणार असेल तर साध्या पाण्याऐवजी लिटरला लहान चमचाभर मीठ घातलेलं पाणी घ्या. खऱ्या घामात मिठाशिवाय आणखीही घटक असतात, त्यामुळे हा फक्त जवळपासचा अंदाज. पण नुसत्या कोरड्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा.

आमच्या शेल्यांचं काय झालं?

दोन मीटर लांबीचं कापड मधून उभं फाडलं की दोन शेले होतात. चोवीस शेल्यांना चोवीस मीटर कापड. बाजारात पहिल्या ताक्यात सोळा मीटरच निघालं. राहिलेलं आठ मीटर दुकानदाराने दुसऱ्या ताक्यातून दिलं. रंग डोळ्यांना अगदी एक. भाव एक. हाताला पोत एक. घरी आल्यावर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मला स्वतःलाच ओळखता येईना, म्हणून टोकाला पेन्सिलने "एक" आणि "दोन" लिहून ठेवलं. दोन्हींच्या टोकाची चार बोटं रुंद पट्टी कापली आणि बाकी कापड घडी करून बाजूला ठेवलं.

कोरडं घासून दोन्ही फडकी स्वच्छ. ओलं घासल्यावर एकचं फडकं किंचित गुलाबी, दोनचं चांगलंच लाल. धुण्याच्या चाचणीत दोन्ही वाट्यांतलं पाणी गुलाबी झालं, दोनचं जास्त. फडकी वाळल्यावर मात्र फरक स्पष्ट झाला. एकचं जवळजवळ पांढरं, दोनचं सरळ गुलाबी. मिठाच्या पाण्यात दाबून ठेवलेल्या तुकड्यांत एकच्या फडक्यावर पट्टीच्या कडेची फिकट रेघ होती. दोनच्या फडक्यावर पट्टीच्या सुरकुत्यांसकट अख्खी आकृती उमटली होती. शर्टावर कमरेला नेमकं तसंच उमटलं असतं.

आता प्रश्न असा की, दोन नंबरचं कापड आधी धुऊन घेतलं तर चालेल का? इथे मघाचा मुद्दा कामाला येतो. रंग संपणारा आहे की न संपणारा? त्यासाठी आठ मीटर कापड भिजवायची गरज नाही. एकदा भिजवलं की दुकानदार परत घेणार नाही, आणि ते त्याचं बरोबरच आहे. मी दोन्हींच्या पट्ट्याच पाच वेळा धुतल्या. प्रत्येक धुण्यात नवं साबणाचं पाणी आणि नवं पांढरं फडकं. वाळलेली फडकी क्रमाने वहीत टाचली.

वहीचं पान बघूनच उत्तर मिळालं. एकच्या ओळीत तिसऱ्या धुण्यापासून फडकं जोडीच्या तुकड्यासारखं पांढरं. दोनच्या ओळीत पहिलं फडकं जास्त गुलाबी, दुसरं थोडं कमी, आणि त्यानंतर तिसरं, चौथं, पाचवं सगळी सारखीच गुलाबी. उतार थांबला होता, पण रंग थांबला नव्हता. असं कापड दहाव्या धुण्यातही रंग सोडणार हे समजून घ्यायचं.

वही घेऊन मी दुकानात गेले. भांडण करायला नाही, त्या माणसालाही दोन ताक्यांतला फरक डोळ्यांनी दिसत नव्हता. त्याने फडकी बघितली, कापड बदलून दिलं, फक्त कापलेल्या पट्टीएवढे पैसे वजा केले. नवा ताका निवडताना काउंटरवरच ओल्या रुमालाने दहा वेळा घासून पाहिलं आणि घरी येऊन पुन्हा तिन्ही चाचण्या केल्या. तो ताका एक नंबरसारखा निघाला. मग सगळे चोवीस शेले तीन वेळा वेगळे धुतले, दाबून एकदा शेवटची खात्री केली आणि मुलांना वाटले. कार्यक्रम झाल्यावर शेले लगेच सोडायला लावून वेगळ्या पिशवीत गोळा केले. शर्टांची पिशवी वेगळी, शेल्यांची वेगळी. चाचणीत पास झालेलं कापडसुद्धा घामाने ओलं असताना रात्रभर पांढऱ्यावर दाबून ठेवू नये. शर्ट पांढरे राहिले.

ती वही नंतर वर्गात फिरली. मुलांना निरीक्षणलेखनाला याहून सोपा विषय मिळाला नसता. एकाने लिहिलं, "दोन नंबरच्या कापडाचा रंग सुटतो पण सुटून संपत नाही." क्रियापदांच्या यादीत मला सुचलं नव्हतं ते त्याला दिसलं होतं.

तयार कपड्यांत काय वेगळं?

शेल्याचं कापड एकरंगी होतं, म्हणून काम सोपं होतं. कुर्ती, परकर-पोलकं, काठाची सुती साडी यांत प्रत्येक रंग वेगळा तपासावा लागतो. कपडा स्वतःलाच खराब करू शकतो. पांढऱ्या कुर्तीवर लाल भरतकाम असेल तर भीती कुर्तीच्या कापडाची नसून भरतकामाच्या दोऱ्याची असते. तो दोरा आतल्या बाजूने, जिथे गाठी असतात तिथे, ओल्या फडक्याने दाबून तपासावा. तसंच अस्तर, पाइपिंग, नाडी आणि गोंडे. कुर्ती पक्की आणि नाडी कच्ची हा प्रकार बऱ्याचदा दिसतो, कारण नाडीकडे कुणी कापड म्हणून बघतच नाही. साडीच्या बाबतीत निऱ्यांत आत जाणाऱ्या टोकाला काठ आणि अंग दोन्ही तपासा. रेशमी आणि जरीच्या वस्त्रांना मात्र फक्त ओलसर फडकं टेकवून पाहा, भिजवू नका.

निकाल तीन प्रकारचा लागतो. फडकं जोडीच्या तुकड्यासारखंच पांढरं असेल तर कपडा गडद कपड्यांबरोबर निर्धास्त टाका. पांढऱ्यांबरोबर टाकायला एक-दोन धुणी थांबलेलं बरं. फिकट डाग असेल तर दोन-तीन वेळा वेगळं धुऊन चाचणी पुन्हा करा. डाग ठसठशीत असेल आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही कमी होत नसेल तर तो कपडा कायमचा वेगळा धुवायचा, किंवा बिल असेल तर न धुता परत करायचा. कपडा स्वतःच पांढरा आणि लाल मिळून बनलेला असेल तर "वेगळा धुवायचा" हा पर्यायच नसतो. तेव्हा परत करणंच शहाणपणाचं.

मीठ, तुरटी, व्हिनेगर

"पहिल्या धुण्याला मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो," असं घरोघरी सांगतात. याला थोडा आधार आहे, म्हणूनच ते टिकलं. सुती कापड रंगवताना हौदात मीठ घालतात, कारण मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे जातो. त्यामुळे मिठाच्या पाण्यात कपडा भिजवला की रंग कमी सुटलेला दिसतो. पण पुढच्या वेळी साध्या पाण्यात धुतला की मीठ निघून जातं आणि रंग पुन्हा सुटायला मोकळा. म्हणजे मीठ रंगाला थोडा वेळ अडवतं, बांधत नाही. व्हिनेगरचंही सुती कापडावर तसंच, त्याने सुटा रंग धाग्याशी जुळत नाही. तुरटी रंगकामात वापरतात, पण ती काही वनस्पतिज रंगांसाठी आणि रंगवण्याच्या वेळी. बाजारातून रंगवून आलेल्या कापडाला नंतर तुरटीचं पाणी दाखवून ते काम होत नाही.

यातून चाचणीसाठी एक नियम निघतो. धुण्याची चाचणी मिठाच्या पाण्यात कधी करू नये. फडकं पांढरं राहील आणि फसवेल. मीठ फक्त घामाच्या चाचणीत, कारण घामात ते खरोखरच असतं.

ही चाचणी काय सांगत नाही

उन्हात रंग उडेल का, हे यातून कळत नाही. ब्लीचने काय होईल हेही नाही. ज्या पावडरने, ज्या पाण्यात, जितका वेळ चाचणी केली, तेवढ्यापुरताच तिचा शब्द. पावडर बदलली, पाणी गरम केलं, कपडे रात्रभर भिजत ठेवले, तर तो शब्द सुटतो. आणि एका कपड्याची चाचणी त्याच दुकानातल्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या कपड्याला लागू होत नाही. आमच्या दोन ताक्यांनी ते दाखवलंच.

तरीही एखाद्या वेळी रंग लागलाच, तर दोन गोष्टी करू नका : वाळवू नका आणि इस्त्री फिरवू नका. ओला असतानाच तो कपडा बाजूला काढून लगेच भरपूर साबणाच्या पाण्यात पुन्हा धुवा. ताजा लागलेला रंग अजून नीट बसलेला नसतो, बऱ्याच वेळा निघतो. वाळला आणि वरून गरम इस्त्री फिरली की काढणं अवघड.

तुमच्या शाळेतही यंदा गॅदरिंगला फेटे, शेले, उपरणी शिवायची असतील तर कापड फाडण्याआधी प्रत्येक ताक्याची चार बोटं पट्टी कापून ठेवा. तीन चाचण्यांचं काम एका रविवारी सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत फडकी वाळून हातात येतात. ती वहीत टाचून, खाली तारीख आणि ताक्याचा नंबर लिहून पालकसभेत दाखवा. "रंग लागणार नाही ना?" या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावंच लागत नाही.